मायक्रोवेव्हमधल्या उष्णतेची वाटणी

मायक्रोवेव्ह ओव्हनमधून काढलेला भात कडेला हात पोळेल इतका तापलेला असतो आणि मधोमध मात्र फ्रिजमधला गारवा टिकून असतो, ही तक्रार घरोघरी ऐकू येते व तिचे खापर बहुधा यंत्रावर फोडले जाते. प्रत्यक्षात महागातला महाग ओव्हनही अन्नाला सर्वत्र सारखी उष्णता देऊ शकत नाही, कारण ज्या लहरींनी तो अन्न तापवतो त्यांच्या स्वभावातच असमानता आहे. म्हणून उष्णतेच्या वाटणीचे उरलेले काम स्वयंपाक करणाऱ्याला यंत्राबाहेरच्या साधनांनी करावे लागते. झाकण, ढवळणे आणि ओव्हन बंद झाल्यावर अन्न काही वेळ तसेच राहू देणे ही ती साधने असून, त्यातल्या प्रत्येकाचा उपयोग वेगळ्या दोषावर होतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. पाककृतींच्या पुस्तकांत या सूचना एका ओळीत उरकलेल्या असतात, त्यामुळे त्या पाळल्या नाहीत तरी चालेल असा समज होतो.

घरगुती ओव्हनमधील मॅग्नेट्रॉन नावाची नळी सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तने करत दिशा बदलणारे विद्युतक्षेत्र निर्माण करते. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन व दुसरी किंचित ऋण प्रभाराची असल्याने तो या क्षेत्राबरोबर वळू पाहतो, परंतु शेजारच्या रेणूंच्या गर्दीत त्याला क्षेत्राच्या वेगाने वळता येत नाही, आणि या ओढाताणीत लहरींची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. ही वारंवारता पाण्याच्या रेणूला नेमकी ‘जुळणारी’ असते, अशी एक समजूत प्रचलित आहे. ती बरोबर नाही. साध्या तापमानाचे पाणी याहून सात-आठ पट जास्त वारंवारतेच्या लहरी सर्वाधिक शोषते, आणि तशा लहरी वापरल्या असत्या तर अन्नाची वरची पातळ साल तेवढी उकळली असती. आजच्या वारंवारतेला लहरी अन्नात एक ते तीन सेंटिमीटर आत शिरतात आणि शिरताना क्षीण होत जातात. या अंतराला वेधनखोली म्हणता येईल. मीठ असलेल्या ओलसर पदार्थात ती आणखी कमी होते, कारण मिठाचे आयनही लहरींची ऊर्जा घेतात; म्हणून खारट आमटीची वरची व कडेची बाजू आधी तापते आणि भांड्याचा मध्य मागे राहतो. याचा सरळ अर्थ असा की, ओव्हन अन्न ‘आतून बाहेर’ तापवतो हे म्हणणे भाताच्या वाडग्याला लागू पडत नाही. वाडग्याच्या बाहेरच्या बोटभर जाडीत लहरींची उष्णता पोहोचते आणि त्याच्या आतला भाग बाहेरच्या भागाकडून येणाऱ्या उष्णतेची वाट पाहत राहतो.

या नियमाला एक ठळक अपवाद आहे. सोललेले अंडे, लहान बटाटा अशा काही सेंटिमीटर व्यासाच्या गोलसर वस्तूंमध्ये सर्व बाजूंनी शिरलेल्या लहरी मध्याशी एकत्र येतात, शिवाय वक्र पृष्ठभागामुळे त्या आतल्या बाजूला वळतात आणि अशा वस्तूचा गाभाच सर्वांत आधी उकळू लागतो. अंडे अचानक फुटते, बटाटा साल फाडून उडतो, ते याच कारणाने. बटाट्याला काट्याने भोके पाडण्याची सूचना यासाठीच असते. अंडे मात्र भोक पाडूनही भरवशाचे ठरत नाही, ते ओव्हनमध्ये न उकडणेच योग्य.

दुसरा दोष ओव्हनच्या धातूच्या भिंतींमुळे येतो. भिंतींवर आदळून परतणाऱ्या लहरी समोरून येणाऱ्या लहरींत मिसळतात आणि त्यातून स्थिर तरंग तयार होतात, म्हणजे असे तरंग की ज्यांची कमाल हेलकाव्याची आणि अजिबात न हलणारी ठिकाणे जागा सोडत नाहीत. कमाल हेलकाव्याच्या जागी अन्न भराभर तापते, स्थिर जागी ते जवळजवळ थंड राहते. या लहरींची लांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर असल्याने दोन तप्त जागांमधील अंतर साधारण ६ सेंटिमीटर, म्हणजे तिच्या निम्मे, यावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात डब्याच्या तिन्ही दिशांतले तरंग एकमेकांत मिसळलेले असल्याने नक्षी इतकी आखीव दिसत नाही. ही नक्षी पाहण्याचे साधन मराठी स्वयंपाकघरात आयतेच आहे. फिरती तबकडी आणि तिच्या खालचे चाकांचे कडे काढून घ्यावे, तळावर मोठी चपटी चिनीमातीची ताटली उपडी ठेवावी आणि तिच्यावर उडदाचे कच्चे पापड एकमेकांना चिकटून मांडून ओव्हन पूर्ण शक्तीवर वीस ते तीस सेकंद, त्याहून जास्त नाही, चालवावा. पापड काही ठिकाणी पांढरेशुभ्र फुलतात, काही ठिकाणी करपू लागतात आणि त्यांच्या मधले पट्टे कच्चेच राहतात. ओव्हनच्या आतल्या विद्युतक्षेत्राचा तो नकाशाच असतो, आणि एकाच बनावटीच्या दोन ओव्हनचे नकाशेही थोडेफार वेगळे निघू शकतात.

तबकडी फिरू लागली की अन्नाचा प्रत्येक भाग तप्त व थंड जागांमधून आळीपाळीने जातो आणि नक्षी पुसट होते, पण ती नाहीशी होत नाही. ठिपक्यांऐवजी वर्तुळे उमटतात, इतकाच फरक. तबकडीच्या अगदी केंद्रावर ठेवलेला पदार्थ फिरत असला तरी जागा बदलत नाही, त्यामुळे केंद्र दुर्दैवाने थंड पट्ट्यात आले तर तिथले अन्न थंडच राहते. एकच वाटी तापवायची असेल तर ती केंद्रावर ठेवण्यापेक्षा कडेकडे सरकवून ठेवणे शहाणपणाचे असते, आणि ताटभर पदार्थ असेल तर तो मधे पोकळी ठेवून कड्यासारखा मांडावा. भांड्याच्या आकाराचाही इथे संबंध येतो. चौकोनी डब्याच्या कोपऱ्यात लहरी दोन-तीन बाजूंनी एकाच वेळी शिरतात, त्यामुळे कोपऱ्यातला पदार्थ वाळून चिवट होतो तेव्हा मधला कोमटही झालेला नसतो. गोल, उथळ आणि रुंद भांड्यात हा दोष बराच सौम्य होतो. धातू लहरी परतवतो, म्हणून स्टीलचा डबा इथे निरुपयोगी आहे, आणि सोनेरी किनारीच्या कपबश्यांनाही ठिणग्या पडतात. बोरोसिलिकेट काच किंवा साधी, बिनकिनारीची चिनीमाती हे सर्वांत निर्धोक पर्याय होत.

आता प्रश्न असा की, बाहेरचा बोटभर थर तापल्यावर ती उष्णता आपोआप आत पोहोचायला किती वेळ लागतो? घट्ट पदार्थात उष्णता फक्त वहनाने, म्हणजे एका कणाकडून शेजारच्या कणाकडे सोपवली जात पुढे सरकते आणि शिजलेल्या अन्नातून हे काम अतिशय संथ होते. पाणीदार अन्नपदार्थांचे गुणधर्म लक्षात घेऊन हिशेब केला तर उष्णतेला अर्धा सेंटिमीटर अंतर पार करण्यास सुमारे तीन मिनिटे लागतात, एक सेंटिमीटरला सुमारे बारा मिनिटे, आणि दोन सेंटिमीटरला पाऊण तासाहून अधिक. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. संपूर्ण विषयाची किल्ली या एका नियमात आहे. अर्ध्या सेंटिमीटरच्या आतला असमानपणा ओव्हन बंद केल्यावर दोन-तीन मिनिटे थांबल्याने भरून येतो, परंतु वाडग्याच्या कडेपासून मध्यापर्यंतचे चार-पाच सेंटिमीटर थांबून भरून येणे अशक्य असते, कारण तोवर सगळे अन्न निवून जाईल. तिथे उष्णतेची वाट न पाहता तापलेले अन्नच उचलून थंड अन्नाच्या शेजारी नेऊन ठेवणे एवढाच उपाय उरतो. ढवळणे म्हणजे नेमके हेच. नीट ढवळल्यावर गरम व थंड कणांमधले अंतर काही मिलिमीटरांवर येते आणि मग थांबण्याला अर्थ प्राप्त होतो. ढवळल्याशिवाय थांबणे आणि थांबल्याशिवाय ढवळणे ही दोन्ही अर्धीच कामे आहेत.

झाकणाचे काम या दोहोंपेक्षा निराळे आहे. गॅसच्या शेगडीवर किंवा भट्टीत अन्नाभोवतालची हवाही तापलेली असते, परंतु मायक्रोवेव्ह ओव्हनमधली हवा लहरींनी तापत नाही आणि पंखा तिला सतत बाहेर ढकलत असतो. परिणामी अन्नाचा पृष्ठभाग एकीकडे लहरींनी तापतो आणि दुसरीकडे त्यातले पाणी वाफ होऊन निघून जाताना थंड व कोरडा होतो. पाण्याची वाफ होण्यास प्रचंड उष्णता खर्च होते. एका ग्रॅमला सुमारे २,२६० जूल, म्हणजे तेच पाणी शून्यापासून उकळीपर्यंत आणण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या पाचपटींहून अधिक. पाण्याची अवस्था बदलताना दडून राहणाऱ्या या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. झाकण नसेल तर ती ओव्हनच्या झरोक्यांतून स्वयंपाकघरात जाते. झाकण असेल तर वाफ भांड्यातच कोंडली जाते आणि जिथे अन्न तिच्याहून थंड असेल तिथे तिचे पुन्हा पाणी होते. या संघननात दडलेली सगळी उष्णता नेमक्या त्याच थंड जागी सोडली जाते. वाफेचा हा पक्षपात स्वयंपाक करणाऱ्याच्या सोयीचा आहे, कारण गरम भागावर तिचे पाणी होत नाही. लहरींनी जिथे कमी दिले तिथे वाफ जास्त देते, आणि भाज्यांसारख्या पोकळी असलेल्या पदार्थांत ती तुकड्यांच्या फटींतून थेट मध्यापर्यंत पोहोचते.

भाज्या वाफवण्यासाठी मायक्रोवेव्ह इतका अनुकूल का, हे यावरून ध्यानात येते. भातात किंवा शिऱ्यात वाफेला आत शिरायला फटी फारशा नसतात, फ्लॉवरच्या तुऱ्यांत त्या भरपूर असतात. एक उदाहरण आकड्यांसह तपासून पाहता येईल. तीनशे ग्रॅम फ्लॉवर, दोन-तीन सेंटिमीटरचे तुरे करून, धुऊन, पाणी फारसे न निथळता वीसेक सेंटिमीटर व्यासाच्या काचेच्या गोल भांड्यात घेतला, जाड देठ बाहेरच्या बाजूला व नाजूक तुरे आतल्या बाजूला येतील असा मांडला, त्यात दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर, पाणी घातले आणि झाकण ठेवले, असे समजू. फ्लॉवरच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे तो २५ अंशांपासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास सुमारे ८८ हजार जूल आणि वरच्या पाण्याला सुमारे ९ हजार जूल लागतील. अन्नाला ८०० वॅट, म्हणजे सेकंदाला ८०० जूल, देणाऱ्या ओव्हनला या ९७ हजार जुलांसाठी दोन मिनिटे पुरतात; भांडे तापण्यात व गळतीत जाणारा वाटा धरला तर अडीच. म्हणजे पहिली अडीच मिनिटे भाजी तापते, शिजत नाही. तिच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य ८० ते ८५ अंशांच्या वर गेल्यावरच वेगाने सैल होऊ लागते आणि देठ मऊ होण्यास त्या तापमानात आणखी काही मिनिटे जावी लागतात.

म्हणून अडीच मिनिटांनी ओव्हन थांबवावा, झाकण आपल्यापासून दूरच्या बाजूने उघडावे, कारण कोंडलेली वाफ तोंडावर आली तर उकळत्या पाण्याइतकेच भाजते, आणि बाहेरचे तुरे मधे व मधले बाहेर अशी भाजी एकदा खालीवर करावी. यानंतर झाकून पुन्हा दीड ते दोन मिनिटे ओव्हन चालवावा आणि बंद झाल्यावर झाकण न काढता भांडे दोन मिनिटे तसेच राहू द्यावे. या दोन मिनिटांत लहरी नसतात, तरी देठाच्या पृष्ठभागाची उष्णता आतल्या अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत पोहोचत असते आणि पेक्टिन सैल होण्याचे काम चालू असते. भाजी ओव्हनमधून काढताना सुरीला किंचित कडक लागली पाहिजे. तेव्हाच ती हवी तितकी मऊ झाली असेल तर पानात वाढेपर्यंत तिचा गाळ झालेला असेल. हाच प्रयोग झाकणाशिवाय केला तर काय होते याचाही हिशेब मांडता येतो. वरचे सगळे ३० मिलिलिटर पाणी वाफ होऊन निघून गेले, तर त्याबरोबर सुमारे ६८ हजार जूल, म्हणजे जवळजवळ दीड मिनिटाची संपूर्ण शक्ती, वाया जाते. तुऱ्यांची टोके त्यामुळे तपकिरी व चामट होतात, देठ कच्चे राहतात, आणि ‘अजून एक मिनिट’ लावत गेल्याने टोके अधिकच बिघडतात.

झाकण घट्ट मात्र नसावे. वाफेला किंचित वाट हवी, नाही तर दाबाने झाकण उडते किंवा प्लास्टिकचा डबा फुगून फुटतो. काचेचे झाकण किंवा उपडी घातलेली चिनीमातीची ताटली स्वतःच्या वजनाने पुरेशी बसते व जास्तीची वाफ कडेने सोडते, त्यामुळे वेगळी व्यवस्था करावी लागत नाही. पातळ प्लास्टिकचा कागद ताणून लावायचा असेल तर तो मायक्रोवेव्हसाठीचा असावा, त्याची एक कड उघडी ठेवावी आणि तो अन्नाला टेकू देऊ नये. पाणीही बेताचेच घालावे. भाजी बुडेल एवढे पाणी घातले तर लहरींची बरीच ऊर्जा ते पाणी तापवण्यात जाते आणि भाजीतले क जीवनसत्त्व त्या पाण्यात उतरून मोरीत जाते. मीठ शेवटी घालावे, कारण पृष्ठभागावर विरघळलेले मीठ तिथेच जास्त ऊर्जा ओढून ती जागा आधी वाळवते. हिरव्या भाज्यांची, विशेषतः फरसबी आणि मटार यांची, एक वेगळी अडचण आहे. शिजताना भाजीतून सुटणारी आम्ले हरितद्रव्यातील मॅग्नेशियम काढून टाकतात आणि रंग हिरव्याचा शेवाळी होतो. झाकणाखाली ही आम्लेही कोंडली जातात. वेळ पाच मिनिटांच्या आत असेल तर नुकसान अल्प असते, तरी अशा भाज्यांचा विसावा एका मिनिटावर आणून झाकण लगेच काढावे, म्हणजे मऊपणात थोडी तडजोड होते पण रंग राहतो. गोठवलेल्या मटारात बर्फाचेच पाणी होत असल्याने वेगळे पाणी जवळपास लागत नाही. बर्फ लहरी फारच कमी शोषतो आणि पाणी भरपूर शोषते, त्यामुळे जिथे बर्फ आधी वितळला तिथे पुढची सगळी ऊर्जा ओढली जाते. एका बाजूला उकळी आणि दुसऱ्या बाजूला गोळा, हा प्रकार यातून होतो. मटार दोन मिनिटांनी हलवले की तो टळतो; गोठवलेल्या घट्ट गोळ्यांसाठी मात्र तीस टक्के शक्तीशिवाय इलाज नाही.

शक्तीचे हे टक्के म्हणजे काय, याविषयी बराच गैरसमज आहे. साध्या ओव्हनमध्ये पन्नास टक्के शक्ती म्हणजे मॅग्नेट्रॉन निम्म्या जोराने चालणे नव्हे. तो काही सेकंद पूर्ण जोराने चालतो आणि तेवढेच सेकंद बंद राहतो, आणि कान देऊन ऐकले तर त्याचा बदलणारा घरघराट ऐकूही येतो. इन्व्हर्टर असलेले ओव्हन खरोखर कमी जोराने चालतात. दोन्ही प्रकारांत फायदा सारखाच आहे: लहरी कमी आणि वहनाला मिळणारा वेळ जास्त. शिरा, पुलाव, उसळ असे दाट पदार्थ पूर्ण शक्तीऐवजी पन्नास ते साठ टक्क्यांवर, जास्त वेळ लावून तापवले तर कडा करपण्याआधी मध्य बराच वर येतो.

उरलेल्या अन्नाच्या बाबतीत समानतेचा प्रश्न चवीपुरता राहत नाही. शिजलेल्या अन्नातील जिवाणू मरण्यासाठी ते सर्वत्र पुरेसे तापले पाहिजे, आणि जागतिक आरोग्य संघटना अन्न किमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत नीट तापवण्याचा सल्ला देते. अमेरिकेच्या कृषी विभागाने उरलेल्या अन्नासाठी ही मर्यादा ७४ अंश ठेवली आहे. अन्नाची सरासरी ७५ अंश असून उपयोग नसतो, कारण सरासरी ७५ असताना कडा ९५ वर आणि मध्य ४५ वर असू शकतो, आणि ४५ अंशांचा मध्य जिवाणूंना चांगलाच मानवतो. फ्रिजमधून काढलेला तीनशे ग्रॅम भात ५ अंशांवरून ७५ अंशांवर नेण्यास सुमारे ७१ हजार जूल लागतात, म्हणजे ८०० वॅटच्या ओव्हनला कागदोपत्री दीड मिनिट. प्रत्यक्षात त्याने समाधान मानू नये. भात उथळ भांड्यात पसरून, गुठळ्या हाताने मोडून, त्यावर एक-दोन चमचे पाणी शिंपडून झाकावा, कारण फ्रिजमध्ये भातातील स्टार्च पुन्हा घट्ट होऊन शिते कडक झालेली असतात आणि त्यांना मऊ होण्यास उष्णतेइतकाच ओलावा लागतो. एक मिनिटानंतर तळापासून ढवळून पुन्हा एक ते सव्वा मिनिट तापवावा, आणि झाकणासह दोन मिनिटे ठेवावा. आमटीसारख्या पातळ पदार्थात प्रवाह आपोआप फिरून उष्णता वाटतील, असे वाटते. पण अभिसरण, म्हणजे गरम द्रव वर व थंड द्रव खाली असा होणारा फेर, खालून आच असते तेव्हा जोमाने चालतो. मायक्रोवेव्हमध्ये आमटी बाजूने व वरूनही तापते, गरम थर वर तरंगत राहतो आणि तळाशी थंड डाळ बसलेली असते. तिला ढवळण्याची गरज भाताइतकीच आहे.

पोळी आणि गोड पदार्थांना ढवळता येत नाही, म्हणून तिथे वाफेचीच मदत घ्यावी लागते. पोळी ओलसर, पिळून घेतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस सेकंदच तापवावी आणि फडक्यातच अर्धे मिनिट राहू द्यावी. तिच्यात पाणी मुळातच कमी असल्याने जास्तीचे दहा सेकंदही तिला कातड्यासारखे चिवट करतात. पुरणपोळी, करंजी आणि उकडीचे मोदक यांच्याबाबत विशेष सावध राहिले पाहिजे. पुरणात व सारणात गुळासह ओलावा जास्त, बाहेरचे आवरण मात्र तुलनेने कोरडे, त्यामुळे बाहेरून कोमट लागणाऱ्या मोदकाचे सारण जीभ भाजण्याइतके तापलेले असू शकते. कमी शक्ती, ओले फडके आणि खाण्याआधीची दोन मिनिटे इथे टाळता येत नाहीत. लहान मुलांना द्यायचा मोदक आधी फोडून पाहावा.

अन्न नीट तापले की नाही हे ओळखण्यासाठी वर दिसणारी वाफ हा पुरावा धरू नये, कारण ती बहुधा कडेची असते. भांड्याच्या तळाच्या मध्याला बाहेरून हात लावून पाहिला तर बरेच कळते: कडेला चटका आणि मध्याला गारवा असेल तर ढवळायला हवे. अधिक खात्री हवी असेल तर स्वयंपाकातला टोकदार थर्मामीटर विसाव्यानंतर तीन जागी, मध्य धरून, खुपसावा आणि सर्वांत कमी आकडा खरा मानावा. मात्र एक मर्यादा कितीही समान तापवले तरी ओलांडता येत नाही. भातात आढळणाऱ्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही जिवंत राहतात, भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेले उलटी आणणारे विष उकळीच्या तापमानालाही टिकते. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मायक्रोवेव्हने निर्धोक होत नाही. शिजल्यावर दोन तासांच्या आत उथळ भांड्यात पसरून फ्रिजमध्ये गेलेला भातच पुन्हा तापवण्याच्या योग्यतेचा असतो, आणि तोही एकदाच.

वरच्या सर्व वेळा ८०० वॅट गृहीत धरून सांगितल्या आहेत, आणि घरचा ओव्हन प्रत्यक्षात किती देतो हे पाहणे अवघड नाही. खोक्यावरचा १,२०० किंवा १,४०० वॅटचा आकडा बहुधा ओव्हन विजेच्या तारेतून किती घेतो याचा असतो, अन्नाला देतो त्याचा नव्हे. शिवाय साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हनमध्ये घरातला विजेचा दाब उतरला की देणे आणखी कमी होते. एक लिटर पाणी काचेच्या भांड्यात घेऊन, ढवळून त्याचे तापमान मोजावे, ते पूर्ण शक्तीवर बरोबर एक मिनिट तापवावे, पुन्हा ढवळून तापमान मोजावे आणि जितके अंश वाढ झाली त्याला ७० ने गुणावे. वाढ दहा अंश असेल तर ओव्हन सुमारे ७०० वॅट देतो, आणि वर चार मिनिटे सांगितली असतील तिथे साडेचार मिनिटे लावावी लागतील. साडेअकरा अंश असेल तर वर दिलेल्या वेळा तशाच चालतील. संध्याकाळी विजेचा दाब कमी असताना हीच चाचणी पुन्हा केली तर आकडा खाली आलेला दिसू शकतो, आणि सकाळी नीट शिजलेला फ्लॉवर रात्री कच्चा का राहतो याचे उत्तर अनेकदा तिथेच मिळते.